शब्दवही : ऑगस्टपासून

(कव्हरच्या आत)

शब्द वाचनातूनच घ्यायचा. क्लासच्या झेरॉक्समधल्या याद्या इथे उतरवायच्या नाहीत. त्या पेपर संपला की उडून जातात. सकाळी सावाना वाचनालयात वर्तमानपत्रं चाळताना जिथे अडखळायला होईल तो शब्द. दिवसाला फार तर दोन. कुठेच अडलं नाही तर पान कोरं.

एबिंगहाउसने 1885 मध्ये विसरण्याचा आलेख मांडला तो निरर्थक अक्षरं पाठ करून. म्हणून शब्द बातमीसकट घ्यायचा, पण वाक्य स्वतःचं करायचं.

उजळणी नोंदीनंतर 1, 3, 7, 15 आणि 30 दिवसांनी. तारखा तेव्हाच टाकून ठेवायच्या. अर्थाची बाजू झाकून आधी मोठ्याने सांगायचं, मग हात काढायचा. नजर फिरवून 'येतंय की' म्हटलेलं धरायचं नाही. अडलं की त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून.

4 ऑगस्ट
विसर्ग (पु.): धरणातून सोडलेलं पाणी. शाळेतला विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं. दोन्हींत सोडणं आहेच, इथे पाणी, तिथे श्वास.
वाक्य: गंगापूरचा विसर्ग वाढला की आमच्या गल्लीतले सगळे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं ते बघायला पळतात.
सोबत: क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. 11,574 क्युसेकने 24 तास पाणी सोडलं तर एक टीएमसी जातं (86,400 सेकंदांनी गुणून पाहिलं). हे कळल्यापासून पुराची बातमी वाचायला मजा येते.
5 ✓ 7 ✓ 11 ✓ 19 ✓ | 3 सप्टें.

6 ऑगस्ट
समन्यायी (वि.): ज्याची त्याची स्थिती बघून न्यायाने केलेलं. जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद निघाला की 'समन्यायी पाणीवाटप' येतंच. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यापासून.
वाक्य: आजीने लाडू समन्यायी वाटले, चिनूच्या डब्यात आधीचे होते, त्याला दोन कमी.
7 ✓ 9 ✗ ('समान' म्हटलं. नाही! समान असते तर चिनू रुसला नसता.)
10 ✓ 12 ✓ 16 ✓ | 24, 8 सप्टें.

9 ऑगस्ट
रांगडा: माणूस असेल तर राकट, आडदांड. बातमीत मात्र 'रांगड्याची रोपं' होती, म्हणून निफाडच्या मामाला फोन केला. "अगं, पोळ आणि उन्हाळ यांच्या मधला कांदा तो. आत्ता बी टाकायचं, दिवाळीच्या आगंमागं लावायचा, जानेवारीपासून काढायचा. चाळीत टिकत नाही, लगेच विकावा लागतो." शब्दकोशात यातलं अर्धंही मिळालं नसतं. पोळ म्हणजे खरिपाचा लाल कांदा, हेही मामाकडूनच.
वाक्य: रांगडा बाजारात आला की मामा भावाची वाट बघत बसू शकत नाही.
10 ✓ 12 ✓ 16 ✓ | 24, 8 सप्टें.

13 ऑगस्ट
ऊहापोह (पु.): ऊह + अपोह. बाजू मांडणं आणि खोडणं, दोन्ही. पहिला ऊ दीर्घ. छापील मजकुरात ऱ्हस्व सर्रास दिसतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. नुसत्या गप्पांना ऊहापोह म्हणू नये.
वाक्य: गाडी घ्यावी की नाही यावर बाबांचा ऊहापोह महिनाभर चालला आणि शेवटी सायकल आली.
14 ✓ 16 ✓ 20 ✓ | 28, 12 सप्टें.

18 ऑगस्ट
कंठस्नान घालणे: ठार करणे, मुळात शिरच्छेद. आंघोळीशी संबंध नाही.
वाक्य सुचेना. चकमकीच्या बातम्यांपलीकडे हा वापरावा लागू नये. ओळखता आला तरी पुरे.
19 ✓ 21 ✓ | 25, 2 सप्टें., 17 सप्टें.

20 ऑगस्ट
तहकूब (वि.): पुढे ढकललेलं, थांबवून ठेवलेलं. महापालिकेची सभा तहकूब होते, तीच पुढे पुन्हा भरते. रद्द झाली तर संपलीच.
वाक्य: पाऊस आला म्हणून अंगणातला क्रिकेटचा डाव तहकूब.
21 ✓ 23 ✗ ('रद्द' म्हणाले.)
24, 26, 30, 7 सप्टें., 22 सप्टें.

24 ऑगस्ट, आजचे तीन
चिनू वही धरून बसला. मी भिंतीकडे तोंड करून.
"ताई, समन्यायी?"
सांगितलं, कायद्यासकट. ✓
"रांगडा?"
दोन्ही अर्थ. ✓
"तहकूब? रद्द म्हणायचं नाही हं."
सूचना दिली म्हणून हा धरायचा नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, मग उद्या मी विचारणारच नाही. तहकूब 25 ला पुन्हा, आईकडून. तारखा बदलल्या: 25, 27, 31, 8 सप्टें., 23 सप्टें.
नवीन शब्द नाही. रविवारच्या पुरवणीत कुठे अडलंच नाही.