विषय : पंप कंट्रोलरच्या डब्यांची ५०० सेटची पायलट ऑर्डर व पुढील मोठ्या कामाबाबत

आदरणीय साहेब,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण भोसरीतल्या शॉपमध्ये आमचा मोल्ड पाहिलात आणि ‘माल किती, पैसे कधी, पुढे काय?’ हे तीन प्रश्न विचारलेत. त्यांची लेखी उत्तरं देते.

बॉडी आणि झाकण असे ५०० सेट हवेत. पांढरा, यूव्ही ग्रेडचा एबीएस, रिग्राइंड अजिबात नको. मोल्ड आपल्या १५० टनी मशीनवर बसतो, हे आपणच सांगितलंत. एवढ्याशा लॉटसाठी मोल्ड चढवायचा, बॅरल साफ करायचं, म्हणजे आपली अर्धी शिफ्ट जाते. त्यामुळे सेटिंग चार्ज ६,००० रुपये वेगळा धरावा. सेटचा दर ७८ रुपये, दाण्यासह, जीएसटी वेगळा. मोठ्या लॉटचा दर या ऑर्डरला आम्ही मागणार नाही.

क्वालिटीत एकाच जागी आमचा हट्ट आहे, तो म्हणजे झाकणाची गॅस्केटची खाच. तिथे नखाला लागेल एवढा फ्लॅश राहिला, तरी रबर नीट बसत नाही, पावसाचं पाणी आत जातं आणि शेतकऱ्याची मोटर ऐन गरजेला बंद पडते. बाहेरच्या बाजूला बारीक सिंक मार्क चालतील, खाचेत काहीही नको. म्हणून आधी २० सेट काढावेत. आम्ही शॉपवर येऊन, गॅस्केट बसवून, पाणी मारून पाहू आणि सही केलेला नमुना मशीनपाशी ठेवू. पुढचा माल त्याच्याशी ताडायचा. खाचेत दोष असलेले सेट आपण बदलून द्यावेत. मोल्डमुळे दोष आला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आमचा.

पैशांचं : पीओबरोबर ५० टक्के आणि सेटिंग चार्ज, उरलेले माल तपासून घेतल्यापासून १५ दिवसांत. कायद्याने लेखी करारावर ४५ दिवसांपर्यंत मुभा असली, तरी लहान युनिटला तेवढं थांबवणं आम्हाला पटत नाही. मोल्ड आमच्या मालकीचा, राहील आपल्याकडे. दुसऱ्या कोणासाठी चालवू नये.

हे डबे मे अखेर हाती आले, तर जून-जुलैचा पाऊस जुन्नर आणि मुळशीच्या शेतांवर काढतील. त्यात ते टिकले आणि आपल्याकडचं रिजेक्शन २ टक्क्यांच्या आत राहिलं, तर ऑगस्टपासून सहा महिने, महिन्याला २,००० सेटची ऑर्डर पहिल्यांदा आपल्यालाच देऊ. तेव्हा दर ६४ रुपये धरू, दाण्याचा भाव ५ टक्क्यांहून जास्त हलला तर तेवढाच फरक दोन्ही बाजूंनी. पावसाळ्याआधी याहून मोठ्या आकड्याचा शब्द देणं मला योग्य वाटत नाही. पण एवढं पीओवर लिहून देते.

अटींत काही खटकत असेल, तर शनिवारपर्यंत फोन करावा. सगळं मान्य असल्यास सोमवारी पीओ आणि ॲडव्हान्स दोन्ही पाठवते.

आपली विश्वासू,
संस्थापिका
कोथरूड, पुणे