रोजची नोंद आणि महिन्याचा अहवाल : मासिक सभेत आरोग्य सहाय्यिकेने कर्मचाऱ्यांशी केलेलं बोलणं

नमस्कार. पाचही उपकेंद्रांच्या ताई आल्या आहेत, सेवक दादा आहेत, आपले ऑपरेटर दादाही आहेत. आशाताईंपैकी ज्यांना जमलं त्या आल्यात, बरं झालं. डॉक्टर साहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, तेव्हा थेट कामाचं बोलते.

गेल्या महिन्याचा अहवाल तुमच्यासमोर आहे. त्यातली लसीकरणाची ओळ बघा. पेंटाचा पहिला डोस ४० बाळांना, तिसरा २९ बाळांना. म्हणजे गळती साडेसत्तावीस टक्के. पोर्टलवर आपलं केंद्र लाल रंगात दिसलं आणि तालुक्याहून विचारणा झाली.

मी त्या २९ मागची नोंदवही उघडली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका वस्तीवर सत्र झालं होतं. तिथे सात बाळांना तिसरा डोस दिला गेला, बाळांच्या कार्डांवर तारखा आहेत, आईंना विचारून आले. पण टॅली शीट पिशवीतच राहिली आणि पोर्टलवर चढली ती पुढच्या महिन्यात. हे सात धरले तर आकडा ३६ होतो आणि गळती दहा टक्के. उरली चार बाळं. ती चार मात्र खरोखरच राहिली होती, दुसऱ्याच तांड्यावरची. आपण आठवडाभर पहिल्या वस्तीवर चकरा मारल्या, कारण आकडा तिकडे बोट दाखवत होता. तेवढ्या दिवसांत त्या चारपैकी दोन बाळं आईबापाबरोबर लवकर निघालेल्या ऊसतोड टोळीत निघून गेली.

आता याचा दुसरा भागही बघा. ते सात डोस या महिन्यात मोजले गेले, तर तिसऱ्या डोसाची बाळं पहिल्या डोसापेक्षा जास्त दिसतील. मागच्या महिन्यात आपण वाईट दिसलो, या महिन्यात अशक्य दिसू. दोन्ही वेळा ताईंनी काम चोख केलं होतं. उन्हात चालून गेल्या, लस थंड ठेवली, चार तासांनी उरलेली एमआरची कुपी नियमाप्रमाणे टाकून दिली. फक्त कागद त्याच दिवशी चढला नाही.

म्हणून सांगते, महिन्याच्या शेवटी आपण काहीही नवीन तयार करत नाही. रोज जे लिहिलं त्याची फक्त बेरीज करतो. बेरीज कितीही काळजीने करा, ऑपरेटर दादा रात्री दहापर्यंत बसोत, आत जे आलंच नाही ते बेरजेत कुठून येणार?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गरोदर मातांच्या हिमोग्लोबिनची. गेल्या सहा महिन्यांची रजिस्टरं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. एका रजिस्टरात १०.० हा आकडा इतक्या वेळा आहे की वाचताना डोळे थकतात. नऊच्या आतलं कोणी नाही, अकराच्या वर फारसं कोणी नाही. माणसांची रक्तं अशी एका रेषेत उभी राहत नाहीत. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मग आपल्याकडे सातच्या खालची, म्हणजे तीव्र रक्तक्षयाची, एकही बाई सहा महिन्यांत सापडत नाही हे मला पटत नाही. तुम्हालाही पटत नसणार.

हे का होतं ते मला माहीत आहे. शिबिराच्या दिवशी पन्नास बायका रांगेत असतात, मीटरच्या पट्ट्या संपत येतात, दुपारी परतीची गाडी गाठायची असते. मग मागच्या भेटीचा आकडा बघून नवा लिहिला जातो. रक्तदाबाचंही तसंच, १२०/८०, १२०/८०, १२०/८०. पण त्या रकान्यावर काय अवलंबून आहे ते बघा. सातच्या खालची बाई अहवालात दिसली तर तिला पुढे पाठवायची व्यवस्था होते आणि आयर्न सुक्रोजची मागणी मंजूर होते. अहवालात शून्य दिसलं तर वरच्या कार्यालयाने इंजेक्शनं कशासाठी पाठवायची? तिकडे बसलेल्या माणसाला आपली वाडी माहीत नाही, आपला कागदच माहीत आहे. पट्ट्या संपल्या असतील तर रकान्यात "तपासणी झाली नाही, पट्ट्या नाहीत" असं लिहा. त्या वाक्याचा उपयोग आहे, त्यावर मी भांडून पट्ट्या आणते. १०.० वर मला भांडता येत नाही.

बाळाच्या वजनाचंही बोलू. अडीच किलोच्या खाली वजन असेल तर बाळ कमी वजनाचं. बरोबर २५०० ग्रॅमचं बाळ त्या यादीत येत नाही. आपल्या प्रसूती रजिस्टरात २५०० चा आकडा २४५० आणि २५५० यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आहे. कोणी मुद्दाम करत नाही. काटा हलत असतो, बाळ रडत असतं, आपण जवळचा गोल आकडा धरतो. पण २४२० चं बाळ २५०० म्हणून लिहिलं की ते यादीतून बाहेर पडलं. आशाताई त्याच्याकडे जादा लक्ष देणार नाहीत, कारण त्यांच्या हातातल्या यादीत त्याचं नाव नाही. काटा शून्यावर आहे ना बघा, कपडे काढून वजन करा, जो आकडा दिसतो तोच लिहा. २४२० तर २४२०.

आता शून्य आणि मोकळी जागा. पोर्टलवर मोकळी जागा म्हणजे माहिती आलीच नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि एकही नव्हतं. माता मृत्यूच्या रकान्यात बोट थांबतं, अशुभ वाटतं, शून्य लिहायलाही नको वाटतं. पण तिथे मोकळी जागा सोडली की आपण बघितलंच नाही असा अर्थ होतो. मृत्यू झाला असेल तर तो त्याच दिवशी लिहा आणि मला फोन करा, रात्री असला तरी.

एक गोष्ट मनापासून सांगते, कारण काही जणींच्या मनात भीती आहे. आकडा वाईट दिसेल म्हणून तो सावरून लिहू नका. बीसीजीची दहा डोसांची कुपी तीन बाळांसाठी फोडली तर तीनच लिहा आणि सात वाया गेले असं लिहा. ते चुकीचं काम नाही, सत्रात तीनच बाळं होती. तशाच नोंदी चार-पाच महिने आल्या तर मला डॉक्टर साहेबांना दाखवता येईल की या दोन वस्त्यांचं बीसीजी एका दिवशी एकत्र ठेवू या. तीनच्या जागी आठ लिहिलं, तर कुपी संपलेली आणि बाळं सापडत नाहीत अशी गत होते. शिवाय लशीचा साठा वेगळ्या ठिकाणी मोजला जातो. दोन्हीकडचे आकडे कधीतरी शेजारी येतातच. खऱ्या आकड्यासाठी कोणाला बोलणी बसली, तर मी तिच्या शेजारी उभी राहीन.

आणि आता आपल्या भागाची खरी अडचण. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. मुकादमाची उचल घेतलेली आहे, पंधरा-वीस दिवसांत अर्धी गावं रिकामी होतील. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं, आणि बरोबर लेकरं. त्यातल्या काही बायका गरोदर आहेत. त्यांची नोंद आपल्याकडे, बाळंतपण साताऱ्याकडे किंवा कोल्हापूरकडे, लस तिसरीकडे, आणि चैत्रात त्या परत येतील तेव्हा बाळ चार महिन्यांचं. आपल्या रजिस्टरात ती बाई गरोदर म्हणून तशीच राहते, तिकडे ती नव्याने नोंदली जाते. एकच बाई दोनदा मोजली जाते आणि तिचं बाळंतपण आपल्याकडे एकदाही दिसत नाही. पहिलटकरीण माहेरी आली तरी हाच घोळ होतो. म्हणून नवीन नोंद करण्याआधी कार्ड मागा. कार्डावर आरसीएच क्रमांक असेल तर तोच शोधा, नवा काढू नका. आणि जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावापुढे ती कोणत्या जिल्ह्यात, शक्य असेल तर कोणत्या कारखान्यावर जातेय, आणि मुकादमाचा फोन, एवढं लिहून घ्या. ती निघून गेल्यावर हे विचारायला कोणी घरी नसतं. म्हातारीला कारखान्याचं नाव आठवत नाही.

रोजच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. ओपीडी संपल्यावर किंवा सत्रावरून आल्यावर, घरी जाण्याआधी, त्या दिवसाची नोंद त्या दिवशी. नेटवर्क नसेल तर अनमोल ॲपमध्ये ऑफलाइन भरा, रेंज आली की सिंक करा. तेही होत नसेल तर टॅली शीटवर तारीख घालून फोटो मला पाठवा, म्हणजे महिना बदलताना ती हरवणार नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर नको. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे.

ऑपरेटर दादांना एक विनंती. आकडा शंकास्पद वाटला तर तो भरून टाकू नका आणि मनाने बदलूही नका. जिवंत जन्मापेक्षा वजन केलेली बाळं जास्त, प्रसूती दहा आणि बाळं अकरा, असं दिसलं की त्या ताईंना फोन लावा. कधी खरंच कारण असतं. जुळी असतात, किंवा माहेरी आलेल्या बाळाला आपण बीसीजी दिलेलं असतं म्हणून तो आकडा आपल्या जन्मांपेक्षा वाढतो. तसं असेल तर शेऱ्यात लिहा. अहवाल एकदा पुढे गेला की दुरुस्तीसाठी वर विनंती करावी लागते. त्याआधीचा एक फोन सोपा पडतो. आणि ताईंनो, दादांचा फोन आला की चिडू नका. ते तपासणी करत नाहीत, तुमचंच काम नीट पोहोचवत आहेत.

या महिन्यापासून दर शुक्रवारी मी एका उपकेंद्रावर येईन. रजिस्टरातल्या पाच नोंदी निवडू आणि त्या घरी जाऊन कार्डाशी ताडून बघू. आधी कळवून येईन. दोष काढायला येत नाही. कुठे वेळ कमी पडतो, कुठे फॉर्म किचकट आहे, कुठे पट्ट्या नाहीत, ते मला तिथेच कळेल.

कामाचा बोजा आहे हे मी नाकारत नाही. एकच माहिती चार ठिकाणी भरावी लागते, हे चुकीचं आहे आणि ते मी वर लेखी मांडलं आहे. ते सुटेपर्यंत निदान रजिस्टर खरं असू द्या. तिथून उरलेल्या तीन ठिकाणचे आकडे काढता येतात.

चला. आता गरोदर मातांची रजिस्टरं उघडा. दिवाळीनंतर जाणाऱ्यांची यादी आजच काढून घेऊ. एक नंबरच्या उपकेंद्रापासून सुरू करू या. ताई, तुमच्याकडे सातव्या महिन्याच्या पुढच्या किती आहेत, आणि त्यातल्या किती जणी टोळीत निघाल्या आहेत?