मोत्या संत्र्याच्या बागेजवळ दिसला

ताई, कुत्रा हरवल्याची तुमची पोस्ट वाचली. तुमचा मोत्या आत्ताच साडेचारच्या सुमारास दिसला. मोर्शी रोडवरून आपल्या पांदणीला लागलं की पहिला रपटा येतो ना, तो ओलांडला की डाव्या हाताला संत्र्याची बाग आहे. आंबियाची तोड सुरू आहे तिथं. कोपऱ्यावर मजुरांची पालं पडलीत, त्यांच्या मागच्या धुऱ्यावर बसला होता.

डावा कान टोकाला तुटलेला आणि पुढचा एकच पाय पांढरा, तुमच्या फोटोत आहे तसाच. पट्टा गळ्यात आहे, पण चिखलानं इतका काळा झालाय की लाल म्हणून शोधाल तर सापडणार नाही. त्याला हातभर साखळी लोंबतेय. पोस्टमध्ये साखळीचं नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मागचा उजवा पाय टेकत नाही. रक्त मात्र दिसलं नाही. वर कमेंटमध्ये दोघांनी बसस्टँडवर दिसल्याचं लिहिलंय, तो टपरीवरचा कुत्रा. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत. तिकडं पेट्रोल जाळू नका.

नावानं हाक मारली तर कान टवकारले गड्यानं. मी एक पाऊल पुढं टाकलं अन् शिरला तुरीत. तूर डोक्याच्या वर गेलीय, आत काय दिसणार! लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांनी बिचकलाय, त्यामुळे गावातली पोरं गोळा करून हाकारा घालू नका, पार पलीकडच्या शिवारात निघून जाईल. तुम्ही किंवा दादा, एकानंच या. त्याची रोजची ताटली आणा, धुऱ्यावर खाली बसा आणि घरी वाजवता तशी वाजवा. पालावरच्या बाया सांगत होत्या, संध्याकाळी चुली पेटल्या की येतो, भाकरीचा तुकडा उचलतो आणि लांब जाऊन खातो. म्हणजे वेळ हीच.

आणखी एक. तुरीच्या पलीकडच्या हरभऱ्याला रानडुकरांसाठी झटका मशीनची तार आहे, अंधार पडला की चालू करतात. साखळी तिच्यात अडकली तर मुका जीव सुटायचा नाही. वावरवाल्यांना फोन केलाय, आजची रात्र बंद ठेवतो म्हणाले. उद्याचं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, डुकरांनी मागच्या आठवड्यात त्यांचं अर्धं वावर उकरलंय. शिवाय तोड एक-दोन दिवसांत उरकणार. पालं उठली की भाकरीही गेली, मग तो तिथं कशाला थांबेल?

मी मोटर चालू करायला आलोय, अंधार पडेपर्यंत रपट्यापाशीच आहे. गाडी अलीकडंच लावा, बुलेट तर आणूच नका.