तान्ह्या पोळ्याचं आवतण

राम राम मंडळी!

अमेरिकेत एडिसनच्या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांना नागपूरच्या महाल भागातून नमस्कार. तुमच्याकडे सकाळचे दहा वाजलेत, इथे संध्याकाळचे साडेसात. आम्ही अकरा जण माझ्या घरी बसलो आहोत. ज्यांचे गुडघे ऐकतात ते सतरंजीवर, बाकीचे खुर्च्यांवर. पाऊस आत्ताच उघडलाय, त्यामुळे लाईट जाणार नाही असं धरून बोलतो. मध्येच पडदा काळा झाला तर घाबरू नका, तुमचं चालू ठेवा.

खेड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात आणि त्याला सांगतात, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये." माझ्या आजोळी हे काम मामाकडे होतं. बैलाच्या कानाशी वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो बोलायचा. वर्षभर ज्याला हाकलायचं, त्याला त्या दिवशी पाहुण्यासारखं बोलवायचं. तुम्हा सगळ्यांना फोनवर आवतणाचं चित्र गेलं होतं, झूल घातलेला बैल आणि खाली हॉलचा पत्ता. पण आवतण तोंडाने द्यायचं असतं, म्हणून मी ते आता पुन्हा देतो. या. बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही.

पहिलं स्वागत पोट्ट्यांचं. (एडिसनमध्ये ज्यांना हा शब्द शिवी वाटेल त्यांनी आपल्या आजीला विचारावं. नागपुरात तो लाडाचा आहे, निदान बहुतेक वेळा.) मुलांनो, आज तुमचा सण आहे. काल पोळा झाला, तो शेतातल्या खऱ्या बैलांचा. आज तान्हा पोळा, तो लाकडी बैलांचा, म्हणजे तुमचा. दुसऱ्या रघूजी राजे भोसल्यांनी नागपुरात ही पद्धत सुरू केली, असं इथे सगळे सांगतात. मोठ्यांचे बैल सजतात, मग मुलांनी काय करायचं? त्यांच्या हातात लाकडाचे बैल दिले. पुण्या-मुंबईकडच्या तुमच्या मित्रांना हे ठाऊक नसेल. त्यांना जरा भाव खाऊन सांगा.

दुसरं स्वागत तिथे आलेल्या आजी-आजोबांचं. तुमच्यातले बरेच जण सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेला आहात. तो मुक्काम कसा जातो हे मला माहीत आहे, मी तीनदा काढलाय. सकाळी सगळे घराबाहेर पडले की घर इतकं गप्प होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. चालायला निघावं तर रस्त्यावर माणूस नाही. मग बायको पोळ्या लाटते आणि मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतो. आज घड्या नाहीत.

ही आजची एकच अट आहे आणि ती मी ठरवली आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत. त्याच न्यायाने आज हॉलमध्ये कोणाही मुलाच्या आणि कोणाही आजीच्या मानेवर जू नाही. आजींनी स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. वाढायचं, उचलायचं, टेबलं पुसायची ते मधल्या पिढीने. तुम्ही चाळिशीतले आहात, खांदे मजबूत आहेत. आणि मुलांना माइकसमोर उभं करायचं नाही. "म्हणून दाखव ना तो श्लोक" नाही, "काकांना मराठीत नाव सांग" नाही.

ही अट कुठून आली ते सांगतो, कारण गुन्हेगार मीच आहे. चार वर्षांपूर्वी तिकडे एका गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या नातीला स्टेजवर चढवलं. ती सात वर्षांची होती. घरी महिनाभर मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तिसऱ्या ओळीला अडली. मी पहिल्या रांगेतून मोठ्याने पुढचा शब्द पुरवला, तिने तो चुकीचा उचलला आणि लोक हसले. कोणी वाईट हेतूने हसलं नाही, पण सात वर्षांच्या मुलीला हेतू कळत नाही. त्यानंतर मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मी गणिताचा मास्तर. बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो की अडलास तर थांब, घाई करू नको. स्वतःच्या नातीच्या वेळी नेमका विसरलो.

आणि भाषेवरून आपण नागपूरकरांनी फार नाक वर करू नये. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. दुकानात हिंदी, कचेरीत हिंदी, घरात मराठी, आणि तिन्हींचा काला करून आपण बोलतो. "काय करून राहिला बे?" हे वाक्य पुण्यातल्या बाईंनी वहीत लाल केलं असतं. आपल्याला ते आईच्या दुधासारखं आहे. मग आपली नात "आजोबा, मी बैल पेंट करून राहिली" म्हणाली तर तिने नेमकी काय चूक केली? माझ्या मते तिने शंभर टक्के नागपुरी वाक्य बोललं. पेंट हा शब्द आमच्या चितारओळीतले कारागीरही तसाच वापरतात.

चितारओळीचं नाव निघालंच आहे तर एका बैलाचं सांगतो. तुमच्या हॉलच्या दाराशी टेबलावर जे बैल ओळीने ठेवलेत, त्यात डावा कान तुटलेला एक आहे. हातभर लांब, खाली चार चाकं, त्यातलं एक मूळचं नाही. तो आमच्या घरचा. मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याला चितारओळीतून खांद्यावर घेऊन आलो. दोघांनाही, म्हणजे बैलाला एका खांद्यावर आणि पोराला दुसऱ्या. दर वर्षी पोळ्याच्या आधी त्याला नवा रंग लागायचा. पोटाखाली जिथे टवका उडालाय तिथे नीट बघा. वर पांढरा, त्याखाली पिवळा, मग निळा, मग पुन्हा पांढरा, आणि अगदी खाली लाल. लाल मला आठवतो, तो फाटकाचा उरलेला ऑइलपेंट होता. निळ्या वर्षी मुलगा दहावीला होता आणि मला वाटलं आता पुरे झालं हे खूळ. त्याने रात्री चोरून रंगवला. गेल्या वेळी जाताना बैल बॅगेत घातला तर वजन भरलं, म्हणून माझे दोन स्वेटर इथेच राहिले. यंदाची झूल नातीने शिवली आहे. जुन्या जीन्सची आहे. मला आधी कसंसंच वाटलं, पण फोटोत बघितली आणि गोंडे बघून गप्प बसलो.

ज्या मुलांकडे लाकडी बैल नाही त्यांनी खोक्याचा केला आहे, हे मला कळलं. चालेल. चाकाला बाटलीची झाकणं लावलीत तेही चालेल. फक्त शिंगांना बेगड हवी, ती पाकिटात पाठवली आहे.

आता मारबत. आज सकाळी मी स्वतः जाऊन बघून आलो, पावसात, छत्री घेऊन, बायकोचं न ऐकता. एक काळी मारबत, एक पिवळी. पुतळ्या दोन मजल्यांएवढ्या वाटतात, पुढे ढोल-ताशे, मागे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि गल्ल्यांतून डोक्याला डोकं. दीडशे वर्षं व्हायला आलीत या मिरवणुकीला. कोणी सांगतं ती पूतना राक्षसीण, कोणी सांगतं इंग्रजांशी हातमिळवणी केलेली भोसल्यांच्या घरची बाकाबाई. भांडण मिटलेलं नाही आणि मिटायची कोणाला घाईही नाही. बडग्यांवर त्या त्या वर्षीच्या राग येणाऱ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. महागाई, खड्डे, पुढारी. लोक ओरडतात, "रोगराई, इडापिडा, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!" आणि गावाबाहेर नेऊन जाळतात.

तुमच्या हॉलमध्ये जाळता येणार नाही. हॉलवाल्यांनी आगीची घंटा वाजेल म्हणून निरांजनही लावू दिलं नाही, ओवाळायला बॅटरीचा दिवा आहे. आजी लोक कुरकुरल्या, पण नियम तो नियम. तेव्हा मुलांनी पुठ्ठ्याची मारबत केली आहे. प्रत्येकाने आपल्याला नको ते चिठ्ठीवर लिहून तिच्या पोटात टाकायचं, कोणत्याही भाषेत. मोठ्यांनीही टाकायचं. जेवण झाल्यावर सगळ्यांनी ओरडत तिला बाहेर न्यायची आणि कागदाच्या निळ्या डब्यात घालायची. चिठ्ठ्या कोणी वाचायच्या नाहीत. माझी चिठ्ठी मुलाने इथून फोनवर ऐकून लिहिली आहे, तेवढी त्याला वाचावी लागली.

बोजारा कसा मागायचा ते ऐका. तान्ह्या पोळ्याला मुलं बैल ओढत घरोघरी जातात, घरचे बैलाला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात, तो बोजारा. इथे घरं म्हणजे खुर्च्या. भिंतीला लागून आजी-आजोबा बसले आहेत. प्रत्येकासमोर बैल उभा करायचा आणि बोजारा घ्यायचा. त्या बदल्यात आजी-आजोबांना एक प्रश्न विचारायचा. "तुम्ही लहान असताना कोणी मारलं होतं का?" असला प्रश्नसुद्धा चालेल. आजी-आजोबांनी खरं उत्तर द्यायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, पुराण सांगत बसायचं नाही. रांग मोठी आहे.

शेवटच्या खुर्चीवर माणूस नाही, टॅबलेट आहे. ते आम्ही. बाजूला स्टीलचा डबा ठेवलाय, त्यात आमच्या अकरा जणांचा बोजारा आहे, क्वार्टरची नाणी. प्रत्येकाने एकच घ्यायचं. आम्हाला इथून डबा दिसतो.

जेवायला पुरणपोळी, कढी, वडे, भजी आणि मुलांसाठी साधं वरण-भात. पुरणपोळीवर तूप मागून घ्या. लाजून बोटभर घेतलंत तर ती नागपूरची पोळी राहत नाही. डॉक्टरांनी मनाई केलेल्यांनी माझ्याकडे बघू नये, मलाही केली आहे.

आता बैल घेऊन सगळ्यांनी तोरणाखाली या. लहान पुढे, मोठे मागे. आजोबा, काठी असेल तर कडेला उभे राहा. ढकलाढकली नको. तोरण आंब्याच्या पानांचं नाही, मेपलच्या पानांचं आहे, मला दिसतंय, ठीक आहे. मी इथून झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं म्हणतो. शेवटी मी "हर बोला" म्हटलं की तुम्ही सगळ्यांनी "हर हर महादेव" म्हणायचं. इथे महालात खालच्या मजल्यावर ऐकू आलं पाहिजे.

तयार? दोऱ्या हातात घ्या.

एक नमन गौरा पार्वती, हर बोला…