फॅटी लिव्हर आणि रोजचं अंडं

भाऊ, फॅटी लिव्हर असताना रोज अंडं खाल्लं तर चालेल का, असं विचारलंत; घाबरू नका. रोज एक अंडं खाल्ल्याने फॅटी लिव्हर सहसा वाढत नाही. उलट पिवळ्या बलकातलं कोलीन यकृतातली चरबी बाहेर न्यायला मदत करतं. मात्र शुगर किंवा कोलेस्ट्रॉल जास्त असेल, तर बलक किती खायचा ते डॉक्टरांना विचारा.

उकडून खाणं सगळ्यात चांगलं. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं ठेवा. आमलेट हवंच असेल तर चमचाभर तेलात, भरपूर कांदा-टमाटर घालून, सोबत ज्वारीची भाकर. कच्चं अंडं नको.

मला खरी काळजी अंडाकरीवरच्या लाल तर्रीची वाटते, आणि दिवसभराच्या गोड चहाची. ती तर्री वाटीत घेऊच नका. दारू घेत असाल तर पूर्ण बंद करा; रोज भरपूर घेत असाल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.