सेल नाय रे, सैल आहे!

ही लाईन आमच्या ओव्हरसाईज टीच्या छातीवर आहे, मोठ्ठ्या अक्षरात. खांदा मुद्दाम खाली उतरवलाय, कापड २४० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २४० ग्रॅम, हातात घेतला की लगेच कळतं माल जाड आहे. घरी गेलास की आई म्हणणारच, दोन नंबर मोठा कशाला आणलास, म्हणून उत्तर पाठीवर छापूनच दिलंय: 'आई, हा असाच असतो.'

कॉलेज सुरू होतंय, पाऊस पण आलाय, तर नवीन कलेक्शन घ्या.

ज्याला बाह्या अर्ध्याच हव्यात त्याच्यासाठी *कटिंग टी. बाही हाफ, मूड फुल्ल.* काळ्या रंगात हवा असेल तर *ब्लॅक टी, साखर नको.* आणि जिमवाल्यांचा स्लीव्हलेस, त्यावर फक्त दोन शब्द: *बाही, बाय!*

शर्ट लिननचा आहे, लिनन चुरगळणारच, त्यातच त्याची मजा आहे, म्हणून
*कॅज्युअल वेअर, इस्त्रीशी वैर.*

जीन्सवर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. शेवटी मागच्या खिशाच्या आत, जिथे फक्त घालणाऱ्यालाच दिसेल तिथे, शिवलंय: *लोकांशी काय डेनिम-घेणं!* पोरींच्या जीन्सला पण तेवढेच खोल खिसे आहेत हां, अख्खा मोबाईल आत जातो, त्या खिशावर लिहिलंय *खिसा आहे, किस्सा नाही.*

आता हुडी. नाशिकची थंडी ज्याने सकाळी सातच्या लेक्चरला गाडीवर खाल्लीये त्याला वेगळं सांगायला नको.
*हुडहुडी भरली? हुडी घाल.*
यात 'हुडी' दोनदा येते, एकदा अंगात आणि एकदा अंगावर, आणि टोपीच्या कडेवर 'हु'चा उकार बरोबर शिलाईच्या वर बसवलाय, कारण शिलाईखाली उकार गेला की 'हडी' वाचलं जातं. पहिल्या सॅम्पलला तसंच झालं होतं, ते सगळे पीस आम्ही परत छापले. मराठी घालायची तर वेलांटी-उकारासकट घालायची.

उन्हाळ्यासाठी सुती टी आत्तापासूनच मिळेल, त्याच्यावर *कॉटन, आमचं कूलदैवत.* पावसासाठी विंडचीटर: *रिपरिप सुरू? झिप वर!*

आतल्या लेबलवर कंपनीचं भाषण नाही, कामाचं लिहिलंय: *उलटा करून थंड पाण्यात धू, सावलीत वाळव, तुझी स्टाय-लय भारी टिकेल.* उलटा धुतला की प्रिंट घासत नाही.

साईझ एस पासून डबल एक्सएल पर्यंत, सगळ्या साईझला एकच किंमत. नाही बसला तर सात दिवसांत टॅगसकट आण, बदलून घे, वर एक रुपया द्यायचा नाही. पिशवीवर पण तेच छापलंय:
*फिट नाय? फिट्टंफाट!*