मेधा, शनिवारच्या प्रकाराबद्दल

मेधा,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले, शेवटचा परत एकदा. रात्रीच उत्तर देणार होते, पण दोन ओळी खरडून मोकळं व्हावं असं हे नाही, म्हणून आत्ता निवांत लिहितेय.

तुला लागलं, आणि लागणारच गं. राजीनाम्याचं तू अजून घरीसुद्धा धड बोलली नव्हतीस. कुणाला, कधी आणि कसं सांगायचं ते तुझं तू ठरवणार होतीस, आणि ते तुझ्या हातातून गेलं. अश्विनी ‘मेधा काय, पुढच्या महिन्यापासून मोकळीच’ म्हणाली तेव्हा मी तुझ्या समोरच बसले होते. तू हसलीस, पण हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवलास आणि निघेपर्यंत जेमतेम हो-नाही केलंस. का सोडतेयस, पुढे काय, दुसरीकडे मिळाली का, सगळे एकदम सुरू झाले, तेव्हा तुझी झालेली पंचाईत मी पाहिलीय. तेव्हा ‘मी उगाच बाऊ करतेय का’ हे डोक्यातून काढून टाक. नाही करत आहेस.

चूक कोणाची ते सांग, असं तू दोनदा म्हणालीस. तुला ते जिव्हारी लागलं, हे मी कुणालाही सांगेन. पण ती बोलण्याच्या ओघात बोलून गेली की आणखी काही, हे कुणाला सांगायचं नाही असं तिला कळलं होतं की नाही, यातलं मला काहीच ठाऊक नाही. तुमचं दोघींचं बोलणं झालं तेव्हा मी तिथे नव्हते. ‘तिच्या मनात तसं नसेल गं’ म्हणून तुला गप्पही करायचं नाहीये मला. तिच्या मनात काहीही असो, तुला व्हायचा तो त्रास झालाच.

‘ती पहिल्यापासून अशीच आहे’ यावर मात्र मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. मागचं सगळं उकरायला बसलो तर शनिवारचं बाजूलाच राहील, आणि तुला आत्ता सलतंय ते शनिवारचं. शिवाय अश्विनी माझीही मैत्रीण आहे. तुझ्याजवळ बसून मी तिला नावं ठेवली, तर उद्या तिच्याजवळ बसून ही माझ्याबद्दल काय बोलत असेल, असं तुझ्या मनात आल्याशिवाय राहील का? ते मला नकोय.

तू जे सांगितलंस ते माझ्यापाशीच राहील. ‘मेधा काही बोलली का’ असं तिने विचारलं, तर ‘तिलाच विचार’ एवढंच सांगेन. ती माझ्याशी काही बोललीच, तर तेही तुझ्यापर्यंत येणार नाही. वाचताना हे जरा परकं वाटेल कदाचित, पण तू माझी नाहीस म्हणून नव्हे. तुम्ही दोघीही मला हव्या आहात म्हणून.

‘तूच बोल तिच्याशी’ हेही नको. माझ्या तोंडून गेलं की त्याचा सूरच बदलेल, आणि आपण दोघींनी मिळून काहीतरी ठरवलंय असं तिला वाटेल. बोलावंसं वाटलं तर तिला एकटीला भेट, नाहीतर फोन कर. ग्रुपवर मात्र काही लिहू नकोस, तिथे बाकीच्यांची भर पडेल. आणि मला जसं सांगितलंस ना, ‘मला स्वतःला सांगायचं होतं गं’, तसंच तिला सांग. ते ऐकताना माझ्याही पोटात कालवलं होतं. मी सोबत असावं असं तुम्हा दोघींनाही वाटलं तर येईन, पण निवाडा करायला नाही. आणि सध्या तिच्याशी बोलायचंच नसेल, तर नको बोलूस. घाई काय आहे?

घाई आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. शनिवारी तिथे तुमच्या ऑफिसातली एकजण होती. ती बोलेलच असं नाही, पण साहेबांना हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा उद्या सकाळी तूच जाऊन सांग. पत्र नंतर दे, आधी तोंडी कानावर घाल. घरी आज रात्रीच बोल. काय बोलायचं ते आधी माझ्याशी बोलून बघायचं असेल तर फोन कर, नऊनंतर मी मोकळी आहे. आणि नुसतं चिडायचं असेल तरी कर. तू चिड, मी ऐकते.

ऋचा